हवेचं भाडं

कराडच्या बसस्टँडमागे माझं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक प्रिंटर आणि एक पंखा, तोही मनात येईल तेव्हा फिरणारा. विमानाने परदेशी माल पाठवणाऱ्यांना विमानात जागा मिळवून द्यायची आणि त्यांचे कागद तयार करायचे, हा माझा धंदा. माझी गिऱ्हाईकं बहुतेक सांगलीकडची. हळद, बेदाणा, मशीनचे सुटे भाग, असला जड माल. त्यात वजनावरून भांडण होत नाही, दरावरून होतं, आणि त्या भांडणाची मला सवय आहे.

सुभेदार आले ते मात्र वजनावरून भांडायलाच. फौजेतून निवृत्त झालेले, विट्याच्या पलीकडच्या गावचे. पाठ ताठ, मिशा ताठ, आणि आवाज एवढा की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मान वाकवून आत पाहिलं. गावातल्या बायकांकडून ते बांबूच्या लॅम्पशेड करून घेत. घंटेच्या आकाराच्या, तोंड जरा आत वळवलेल्या, खरोखर देखण्या. हॉलंडमधल्या एका दुकानवालीने वीस नग मागवले होते. तिला ते हिवाळ्याच्या आधी दुकानात हवे होते, म्हणून जहाज नको, विमान. आणि सुभेदारांनी तिला जो भाव दिला होता, तो पोच करण्याच्या खर्चासकट. किलोमागे भाडं किती पडतं ते त्यांनी कुणा ओळखीच्याला विचारलं होतं, साठ किलोंनी गुणलं होतं आणि मिशीला पीळ दिला होता.

आदल्या दिवशी त्यांनी फोनवर खोक्यांची मापं सांगितली होती. त्यावरून मी एअर वे बिलाचा मसुदा काढून ठेवला होता. एअर वे बिल म्हणजे विमान कंपनीशी झालेला करार आणि मालाची पावती, दोन्ही एकाच कागदावर. त्यात एका रकान्यात मालाचं खरं वजन असतं आणि दुसऱ्यात आकारणीचं वजन, म्हणजे ज्यावर भाडं लागतं ते. सुभेदारांनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि हसले.

"मॅडम, हितं एक शून्य जास्त पडलंय. साठचं सहाशे झालंय."

मी म्हटलं, शून्य बरोबर आहे. झालं! त्यांनी खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर आपटला. सांगलीच्या हळदीच्या अडतीवर ओळख काढून त्यांनी प्रत्येक खोकं काट्यावर चढवलं होतं आणि प्रत्येकाची शिक्क्याची चिठ्ठी घेतली होती. तीन किलो, तीन किलो, तीन किलो. आता बोला, असा त्यांचा चेहरा.

काय बोलणार, कपाळ! सांगलीकडच्या माणसाला काट्यापुढे देव नसतो. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे फिरवला. म्हटलं, तुम्हीच करा. खोक्याची लांबी साठ सेंटिमीटर, रुंदी साठ, उंची पन्नास. तिन्हींचा गुणाकार करा आणि सहा हजारांनी भागा, हा विमानवाल्यांचा ठरलेला आकडा. त्यांनी एकेक बटण बंदुकीचा चाप ओढावा तसं दाबलं. तीस आले. म्हटलं, हे खोक्याचं आकारमानाचं वजन. खरं वजन आणि हे वजन, दोन्हींत जे जास्त असेल त्यावर भाडं. तुमचं खरं तीन, हे तीस. वीस खोकी, सहाशे.

"पण खोक्यात हाय काय? एक लॅम्पशेड आन् हवा."

"हवेचंच भाडं आहे हे, सुभेदार."

"हवा तर विमानात आधीच असती की!"

झेरॉक्सवाला फिस्सकन हसला. मीही हसले असते, पण डोकं तापलं होतं. त्यांना म्हटलं, तुमच्या गावात कडब्याच्या पेंढ्या भरलेला टेम्पो बघितलाय ना? वजनाने तो निम्मासुद्धा भरत नाही, पण त्यात पाठ टेकायला जागा उरत नाही. टेम्पोवाला मग कडब्याच्या किलोचे पैसे घेतो की अख्ख्या खेपेचे? खेपेचे, ते कुरकुरत म्हणाले. मग विमानवाल्याने काय तुमचं घोडं मारलंय? त्याचं विमान हलकं राहून भरलं तरी त्याला खेपेचे पैसे निघायला हवेत.

हे त्यांना पटलं. हातातला कागद हळूच टेबलावर ठेवला त्यांनी.

इतका वेळ दाराजवळच्या खुर्चीत त्यांच्या बायको पदर सावरून बसल्या होत्या. वहिनी माणदेशातल्या, माहेरी अजून मेंढरं. त्या पहिल्यांदा बोलल्या, तेही माझ्याशी. म्हणाल्या, ताई, हे असंच गेलं तर लय तोटा हाय, व्हय? मी व्हय म्हटलं. मिळणारं सगळं भाड्यात जाईल, वर पदरचे घालावे लागतील. मग त्यांनी सांगितलं. पुण्याचा एक सिक्युरिटीचा कंत्राटदार रोज फोन करतो, फौजी माणूस हवाय म्हणून. घरात ठरलं होतं की हा माल नीट गेला तर हा धंदा करायचा, नाही तर सुभेदारांनी पुण्याला जाऊन कुठल्या तरी सोसायटीच्या गेटवर उभं राहायचं. "लगीन झाल्यापासनं हे बाहेरच हायत. आत्ता कुठं दोन येळचं जेवाण ताटाला ताट लावून व्हतंय." मी पंख्याकडे बघत राहिले. तोही मेला नेमका तेव्हा बंद होता.

म्हटलं, आधी ते खोकं दाखवा. नमुन्याचं एक त्यांनी आणलंच होतं. उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. लॅम्पशेडच्या चारी बाजूंनी चार-चार बोटं कागदाचे बोळे. वर बोळे, खाली बोळे, पोटात बोळे. सुभेदार अभिमानाने म्हणाले, विमानातनं खाली टाकलं तरी कायसुदिक हुनार न्हाई. मी विचारलं, विमानातून खाली टाकायचंय का? नाही ना? मग या बोळ्यांना हॉलंड कशाला दाखवायचं? टेप घेऊन मी शेड मोजली. पंचेचाळीस, पंचेचाळीस, चाळीसच्या खोक्यात ती आरामात बसत होती, कडेला पातळ पुठ्ठा लावायलाही जागा राहत होती. पुन्हा कॅल्क्युलेटर. साडेतेरा किलो. तिसाचे साडेतेरा! वीस खोक्यांचे दोनशे सत्तर. सुभेदारांचा चेहरा जरा उजळला, पण त्यांचा हिशोब साठावर झाला होता. दोनशे सत्तरातही ते बुडतच होते, फक्त जरा कमी पाण्यात.

शेड एकात एक घालता येतील का, हेही बघितलं. तोंड आत वळलेलं, घुसेनात. जबरदस्ती केली तर बांबू करकरायला लागला. मी हात टेकले.

सुभेदार मात्र कागदाकडे टक लावून बसले होते. मान वर करून म्हणाले, "मॅडम, भाडं घ्यायचं साडेतेराचं. माल अडीच किलोचा. मग मधलं अकरा किलो कुणाचं?"

मी वैतागून सांगायला तोंड उघडलं की कुणाचं नाही, आणि उघडंच राहिलं. त्यांचंच होतं! खरं वजन आकारमानाच्या वजनाच्या आत आहे तोवर त्याच खोक्यात आणखी काही जड ठेवलं, तर भाडं एका पैशाने वाढत नाही. आम्ही धंद्यातली माणसं हे करतो, हलका आणि जड माल एकत्र लावतो. पण वीस लॅम्पशेडवाल्या माणसापुढे बसून ते मला सुचलं नव्हतं. म्हटलं, तुमचंच. घाला काय घालायचं ते. फक्त खोक्याला फुगवटा नको. विमानतळावर टेप फुगवट्यावर लागते, आणि एक सेंटिमीटर वाढला तरी तो भाड्यात येतो.

आता घालायचं काय? सुभेदार म्हणाले, पितळेच्या समया. वहिनी नुसत्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं असं होतं की सुभेदारांनी समईचा विषय वाक्याच्या मधेच सोडला.

मग कळलं. धंदा सुरू करायचा तेव्हा वहिनींनी घोंगडी सुचवली होती. माहेरच्या मेंढरांची लोकर, म्हसवडकडच्या विणकराकडून विणून घेतलेली, काळी, पांढऱ्या पट्ट्याची. त्यांच्या घरात तशी बरीच पडून होती. सुभेदारांनी ती मोडीत काढली होती. कारण काय, तर विमानाने जायचं म्हणजे माल हलका पाहिजे, घोंगडं अडीच किलोचं, कोण भाडं भरणार? म्हणून हलका माल शोधत शोधत ते लॅम्पशेडवर आले होते. एवढी अक्कल लढवून त्यांनी नेमकी हवा विकायला काढली होती.

मी पोटभर हसले. वहिनीही हसल्या, तोंडावर पदर घेऊन. सुभेदार सोडून सगळे हसले.

पण परदेशी बाई न मागवलेला माल कशाला घेईल? तिला घोंगड्यांचे फोटो पाठवले, भाव कळवला. वेगळं भाडं पडणार नव्हतं, त्यामुळे भाव कमी ठेवूनही दोन्ही मिळून चांगले पैसे सुटत होते. बाईचं उत्तर आलं, चाळीस पाठवा. मिरजेच्या खोकेवाल्याकडून नवी खोकी करून घेतली. मी इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवर घोंगडी चढवली, कारण न सांगता आत काही घातलं तर कस्टमवाले सगळाच माल अडकवतात. खोक्याच्या तळाशी दोन घोंगडी गोल घडी करून ठेवायची आणि वरून लॅम्पशेड, कोंबडीवर डालगं झाकावं तशी. बोळे गेले ते गेलेच. प्रत्येक खोकं साडेसात किलोंचं झालं. नव्या एअर वे बिलावर खरं वजन दीडशे आणि आकारणीचं तेच, दोनशे सत्तर. सुभेदारांनी दोन्ही रकान्यांवर बोट ठेवून खात्री केली आणि म्हणाले, अजून एकशेवीस किलो आमचं वाया चाललंय की मॅडम. माणसाला शिकवलं की असं होतं.

माल पोचला. फुगवटा कुठेच निघाला नाही. पुढच्या खेपेचं बोलायला दोघं पुन्हा ऑफिसात आले, तेव्हा हॉलंडच्या बाईचा मेल मीच त्यांना वाचून दाखवला. घोंगडी हातोहात गेली होती, लगेच दुप्पट हवी होती. लॅम्पशेडही छान आहेत, त्या सावकाश पाठवल्या तरी चालतील.

सुभेदार मिशीवर हात फिरवत वहिनींना म्हणाले, म्हंजे आमचा माल आता तुमच्या मालावरचं झाकान. वहिनींनी मला मेल परत वाचायला लावला. दुप्पट म्हणजे नक्की मागवलंयच ना, नुसतं विचारलेलं नाही ना, असं खोदून खोदून विचारलं. मी म्हटलं, नक्की.

तेवढ्यात सुभेदारांचा फोन वाजला. पुण्याचा कंत्राटदार. सुभेदारांनी फोन हातात धरला. वहिनींनी तो सरळ काढून घेतला आणि कानाला लावला.

"न्हाई, ते येणार न्हाईत," त्या म्हणाल्या. "त्यांची ड्यूटी आता घरात लागलीया."