चांदणी मंजनाचं पूर्ण गाणं

म्हाळसा,
तुझं चांदणी दंतमंजनाचं गाणं सापडलं, अगदी पूर्ण. रविवारच्या तुझ्या सत्कारात मंडळ ते वाजवायचं म्हणतंय, पण त्याआधी माझ्याकडं येऊन ऐक. फोनवर सांगण्यासारखं नाही.

एवढं मोबाईलवर पाठवलं आणि बारामतीची निवृत्त ग्रंथपाल राजनंदिनी स्वतःवरच चिडली. हा शोधाचा नाद कुणी सांगितला होता?

म्हाळसा तिची शाळेतली मैत्रीण. लासुर्ण्याच्या मेंढपाळ घरातली, लग्न होऊन बावड्यात गेलेली, तिथल्या भजनी मंडळाची प्रमुख. शाळकरी वयात गायनवृंदाबरोबर पुण्याला जाऊन ती मंजनाच्या जाहिरातीत गायली, हे गावात पोराबाळांनाही ठाऊक. नव्या सुना तिला चांदणीआत्याच म्हणत. मंडळानं सत्कार ठरवला, तेव्हा राजनंदिनीनं गाणं मिळवून देण्याचं परस्पर कबूल करून टाकलं.

गुणगुणून गाणं ओळखणारं ॲप मुकाट बसलं. जाहिरातीच्या गाण्याची तबकडी निघतेच कुठं? जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून कुणी नेटवर टाकलेली छोटी जाहिरात मिळाली, पण तिच्यात गाणं चालू असतानाच निवेदक बोलत होता. खाली एकानं लिहिलं होतं, थिएटरात लांब जाहिरात लागायची. त्याचा पिच्छा पुरवत ती पुण्यातल्या एका दिवंगत ध्वनिमुद्रकाच्या मुलापर्यंत पोचली. त्याच्याकडं ध्वनिमुद्रणाच्या टेपचं मूळ स्पूल होतं. चिकटलेली टेप त्यानं मंद उष्णतेवर सुकवली. आधी भलत्या वेगानं वाजली, पोरींच्या चिमण्या झाल्या. मग वेग जुळला. दोन्ही कडवी मिळाली. पण ध्वनिमुद्रकानं दोन टेकच्या मधे मशीन बंदच केलं नव्हतं.

म्हाळसा आली. पहिल्या कडव्याला तिची मान डोलू लागली. मग गाणं मधेच तुटलं आणि एक पुरुषी आवाज म्हणाला, "लासुर्ण्याची कोण ती? तुझा आवाज सगळ्यांवर चढतोय. तू बाहेर बाकावर बस."

दार लागल्याचा आवाज. पुढचं गाणं एकसारखं, गुळगुळीत.

राजनंदिनीनं फोन पालथा ठेवला. तिला मैत्रिणीकडं बघवेना.

"म्हाईत हाय मला," म्हाळसा म्हणाली. "बाकावर मीच बसले व्हते न्हवं? घरी आल्यावर आईनं इचारलं, गायलीस का? व्हय म्हणाले. मग त्ये व्हय कुठं थांबवायचं?"

गाणं मिळालंच नाही असं सांगू, राजनंदिनी म्हणाली. म्हाळसानं मान हलवली.

"न्हाय. आता खोट्याचा हार गळ्यात नको. मंडळाला तू सांग, म्हाळसा गायली न्हाय म्हणून. माझं त्वांड उचलत न्हाय."

राजनंदिनीनं हो म्हटलं. शनिवारी ती बावड्याला निघाली. वाटभर पहिलं वाक्य जुळवत होती. प्रत्येक वाक्यात म्हाळसा चोर ठरत होती. इंदापूरला उतरून बावड्याची एसटी लागलेली तिनं पाहिली. ती भरली, सुटली. राजनंदिनी कुणालाच काही न कळवता परत बारामतीच्या गाडीत चढली.

रविवारी मंडळाच्या बायांनी फोटो पाठवला. म्हाळसाच्या गळ्यात हार, आणि तिची नजर पायाच्या अंगठ्यावर.