डॉक्टरीणबाईंचा गप्प दवाखाना

डॉक्टरीणबाईंना स्वतःबद्दल चार शब्द बोला म्हटलं, की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. कुणाच्या लग्नात गेल्या आणि शेजारच्या बाईने सहज विचारलं, "तुम्ही काय करता हो?" तर म्हणायच्या, "काही नाही, एका दवाखान्यात असते." दवाखाना स्वतःचा, हे सांगणंसुद्धा त्यांना जाहिरात वाटायचं. बायकांच्या डॉक्टर म्हणून निम्मं आयुष्य त्या खुर्चीत गेलं होतं, पण बाहेरची पाटी बघाल तर एखाद्या कारकुनाने घराबाहेर लावलेली वाटावी. नाव, पदवी, विशेष विषय, नोंदणी क्रमांक. बस. पेंटरने हौसेने अक्षरं जरा मोठी काढली होती, ती त्यांनी पुसून परत काढून घेतली. पेंटर बिचारा म्हणाला, "मॅडम, रस्त्यावरून दिसणार नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "रस्त्यावरच्यांना बरं नसेल तर वर येतील."

त्याच मजल्यावर आणखी दोन पाट्या होत्या, त्याही अशाच मवाळ. समोर वकील आणि टोकाला सी.ए. तिघांच्याही धंद्याला जाहिरात वर्ज्य. त्यामुळे जिना चढून आलेल्या माणसाला हा मजला रिकामाच आहे असं वाटायचं. दुपारी काम नसलं की दोघे चहाला बाईंच्या खोलीत यायचे आणि खाली रस्त्यावरच्या 'सात आठवड्यांत सडपातळ' अशा फलकाकडे बघून एकत्र उसासे टाकायचे. फलक एका व्यायामशाळेचा होता. व्यायामशाळेला कसली परिषद नाही नि कसली शिस्त समिती नाही.

असं सगळं सुरळीत, म्हणजे गुपचूप, चाललं होतं. मग बाईंचे यजमान आजारी पडले. बाईंनी दवाखान्याला कुलूप घातलं आणि वर्षभर नवऱ्याच्या उशाशी बसल्या. यजमान बरे झाले, इतके बरे झाले की बायको दिवसभर घरात असते म्हणून कुरकुरू लागले. तेव्हा बाई परत आल्या, खुर्ची पुसली, गल्ल्यापाशी बसणाऱ्या मावशींना बोलावून घेतलं आणि वाट बघत बसल्या.

कुणी येईना. आधी वाटलं, लोकांना कळायला वेळ लागेल. मग वाटलं, सुट्ट्यांचे दिवस आहेत. मग मावशींनी वाचायला आणलेलं मासिकही वाचून संपलं. खरी गोष्ट जावयाने शोधून काढली. जावई गाद्यांच्या कंपनीत जाहिरातींचं काम बघायचा, आणि त्याचा अर्धा जीव फोनमध्ये असायचा.

"आई, हे बघा," तो फोन पुढे करत म्हणाला. "नकाशावर तुमच्या दवाखान्यापुढे काय लिहिलंय? 'कायमचे बंद'. कुणीतरी येऊन कुलूप बघून कळवलं असणार. लोकांना वाटतंय तुम्ही धंदाच सोडला."

बाईंनी ते दोन शब्द पुन्हा वाचले. दवाखाना त्यांनी पोटच्या पोरीसारखा वाढवला होता, आणि कुणी एका बोटाने तो संपवून टाकला होता. जागेचा करार संपत आला होता. तोवर पेशंट परत आले नाहीत तर जागा सोडायची, असं त्यांनी मनाशी ठरवलंही होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची सवयच नव्हती.

"काळजी करू नका," जावई म्हणाला. "मी तुमचं झकास प्रोफाइल करतो."

चारच दिवसांत तो प्रोफाइल घेऊन हजर झाला. चहाच्या वेळी, म्हणजे वकील आणि सी.ए. समोर असतानाच. वर बाईंचा फोटो, मागे मावळता सूर्य. खाली मजकूर: शहरातल्या सर्वोत्तम स्त्रीरोगतज्ज्ञ. हमखास गुण. पहिल्या भेटीत खास सवलत. आणि मग एका ओळीत हसऱ्या बाळांचे फोटो, प्रत्येकाखाली आईचे कौतुकाचे दोन शब्द.

"ही बाळं कुणाची?" बाईंनी विचारलं.

"इंटरनेटवरची."

वकिलांच्या घशात चहा अडकला. बाईंनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि जावयाच्या देखत मजकुराची शस्त्रक्रिया सुरू केली. 'सर्वोत्तम' गेलं, कारण मग बाकीचे कोण? 'हमखास गुण' गेलं, कारण तसं कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. सवलत गेली. बाळं गेली. पेशंटचे कौतुकाचे शब्द गेले, खरे असते तरी गेले असते. सूर्यही मावळला.

"मग राहिलं काय?" जावई रडवेला झाला होता. "आई, गादी विकताना मी पाठीच्या कण्याची शपथ घेतो. तुम्ही मला तुमचं नावच तेवढं लिहू देताय."

"नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता, वेळ," बाई म्हणाल्या.

"माझं त्याहून सोपं आहे," सी.ए. म्हणाले. ते स्वभावाने तसे उदार, दुसऱ्याचं दुःख वाटून घ्यायचे. "माझं संकेतस्थळ आहे, पण ते कुणाच्या दारात जाऊन उभं राहत नाही. माणूस आपणहून शोधत आला तर त्याला दिसतं. माझे अशील कोण, हे तिथे लिहायचं नाही. आजवर तिथे फक्त माझी बायको येऊन गेली."

"पण एक गोष्ट आम्हा डॉक्टरांना करता येते," बाई हळूच म्हणाल्या. "दवाखाना सुरू केला, जागा बदलली, मधे सुट्टीवर गेलो किंवा परत आलो, तर तसं वर्तमानपत्रात छापता येतं. नुसतं तेवढंच."

वकिलांनी कप खाली ठेवला. "परत आल्याची जाहिरात देता येते? आणि हे तुम्ही आज सांगताय? आम्हाला हे भाग्य असतं तर मी दर सुट्टीनंतर परत आलो असतो."

खरंच होतं. नियम जेवढं तोंड मिटायला सांगत होता, त्याहून जास्त बाईंनी मिटलं होतं, आणि वर ते नियमाच्या नावावर खपवलं होतं. त्यांना स्वतःचंच हसू आलं. मग वर्तमानपत्रात कोपऱ्यातली एक छोटी चौकट आली: डॉक्टर काही काळाच्या अनुपस्थितीनंतर पुन्हा रुग्णांना तपासत आहेत. खाली वेळ. जावयाने नकाशावरचं 'कायमचे बंद' काढून घेतलं आणि तिथे तेवढंच, कोरडं ठक्क, लिहिलं. फोटो लावला तो ओळखपत्रावरचा. त्यात बाई कुणाला तरी रागावत होत्या.

आणि माणसं येऊ लागली. आधी जुन्या बायका, "अहो, आम्हाला वाटलं तुम्ही गेलात!" असं म्हणत. कुठे गेलात, हे त्या सांगत नसत. मग त्यांच्या सुना, मैत्रिणी. मावशींनी नवीन मासिक मागवलं.

आणि मग ती तक्रार आली.

जावयानेच फोन करून वाचून दाखवली. कुणा गृहस्थाने प्रोफाइलखाली एकच तारा दिला होता आणि लिहिलं होतं: 'माझ्या बायकोला या बाई काय औषध देत होत्या ते मला कधीच सांगितलं नाही. विचारायला गेलो तर दारातून परत पाठवलं. नवऱ्याला काही किंमत नाही. कुणी जाऊ नका.'

बाईंना तो गृहस्थ लख्ख आठवला. त्याची बायकोही आठवली, आणि तिने हात धरून काय विनवलं होतं तेही आठवलं. काय विनवलं होतं ते बाईंनी तिच्या नवऱ्यालाही सांगितलं नाही, तेव्हा आपल्याला तरी कुठून कळणार!

"उत्तर देऊन टाकू," जावई तावातावाने म्हणाला. संध्याकाळी तो स्वतःच दवाखान्यात येऊन धडकला होता. "एवढंच लिहू, की तुमच्या पत्नीनेच सांगू नका म्हटलं होतं. नाव नको, आजार नको. खरं तेवढं."

"ती माझ्याकडे आली होती एवढं म्हटलं तरी संपलं," बाई म्हणाल्या.

"पण तो स्वतःच लिहितोय ना ती आली होती म्हणून!"

"तो लिहू दे. मी लिहू शकत नाही."

आवाज ऐकून समोरून आलेल्या वकिलांकडे जावयाने आशेने पाहिलं. वकिलांनी मान हलवली. "खटला भरता येईल बदनामीचा. पण मग बाईंना तिथे उभं राहून तेच सांगावं लागेल जे त्या इथे सांगत नाहीत. या बाबतीत, जावईबापू, आपण सगळे मुके."

शेवटी एवढंच उत्तर गेलं: 'आमच्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे आम्ही कुणालाही सांगत नाही. तक्रार असल्यास दवाखान्यात येऊन भेटावे.' जावयाच्या मते हे उत्तर म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा होता. त्याने ते लिहिलं आणि बाहेर जाऊन दोन जिने उगाच चढून-उतरून आला.

त्या आठवड्यात दोन-तीन जणींनी ठरवलेली वेळ रद्द केली. मावशी फोन ठेवून वहीतलं नाव खोडायच्या. बाईंना रागही आला आणि फार वाईटही वाटलं. इतकी वर्षं निगुतीने काम केलं, आणि एका माणसाच्या चिडक्या बोटापुढे आपल्याला तोंड उघडता येऊ नये! कराराचा कागद त्यांनी टेबलावर काढून ठेवला. नियम चूक आहे असं मात्र त्यांना एकदाही वाटलं नाही, आणि त्यामुळे त्या जास्तच चिडल्या.

अशातच एका सकाळी एक अनोळखी तरुणी आत आली. बसली नाही. पर्स छातीशी धरून दाराकडे दोनदा बघितलं.

"डॉक्टर, एक विचारू? तुमच्याबद्दल फोनवर वाचलं. तिथे एका माणसाने लिहिलंय, तुम्ही नवऱ्याला काही सांगत नाही. खरंय का ते?"

आणखी एक गेली, असं बाईंना वाटलं. पण खोटं कसं बोलणार? "पेशंट स्वतः म्हणेपर्यंत कुणालाच सांगत नाही," त्या म्हणाल्या. "नवऱ्यालाही नाही."

तरुणी मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. "मग मला तुम्हीच पाहिजे," ती म्हणाली. "मी किती दिवस असा दवाखाना शोधतेय. बाकी सगळीकडे नुसते हसरे फोटो आहेत. हे कुणीच लिहीत नाही."

बाईंनी उठून दार लोटलं, पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. जावई होता, आणि त्याचा आवाज आनंदाने फुटत होता.

"आई, काम झालं! ती तक्रार काढून टाकायला मी अर्ज करतोय. नकाशावाल्या लोकांशी बोललोय, मंजूर होईल म्हणतात. पाठवू ना?"

"नको," बाई म्हणाल्या. "राहू द्या ती."

"राहू द्या? अहो, का?"

बाईंनी समोरच्या मुलीकडे पाहिलं. ती पदराने नाही, बाहीनेच डोळे पुसत होती.

"ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.