छाननीची खिडकी

आमच्या कोर्टात छाननीच्या खिडकीवर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे 'भिंग' म्हणत. याचिका न्यायमूर्तींसमोर जाण्याआधी तिच्यातल्या तारखा, सह्या, जोडलेले कागद तपासायचे आणि खोट दिसली की हरकत काढायची, हे त्यांचं काम. माझं टायपिंगचं टेबल त्यांच्या मागेच, म्हणून त्यांचा संशयी स्वभाव मी एकवीस वर्षं सहन केला. माझ्या रजेच्या अर्जात 'ताप' वाचला की विचारायचे, "किती होता?" घरून आलेला डबा उघडण्याआधी झाकण आधी कुणी काढलं होतं का, ते निरखायचे. बायको जरा गोड बोलली की दिवसभर त्यांच्या मनात पाल चुकचुके. त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, छापील कायद्यावर.

त्यातही परवाना मंडळाच्या कायद्याचं सतरावं कलम त्यांना तोंडपाठ होतं. 'मंडळाचा निर्णय अंतिम राहील व त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही.' मंडळाविरुद्ध कुणी कागद घेऊन आलं, की ते पुस्तक उघडून काचेला लावत, ओळीवर बोट ठेवत आणि कागद परत सरकवत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट काम हलकं होतं म्हणून बरंच वाटायचं.

मग एक दिवस क्रेनवाली आली. बांधकामावर उंच क्रेन चालवणारी, चाळिशीची बाई. तिच्या क्रेनवरून लोखंडी तुळई खाली पडली होती. माणूस मेला नाही, पण मंडळानं तिचा परवाना रद्द केला. दुसरं कुठलं काम तिला येत नव्हतं.

"मला विचारलंच नाही हो," ती म्हणाली. "तारेचा दोर बदला म्हणून मी दोनदा लेखी दिलं होतं. तेवढं तरी सांगितलं असतं."

"सगळे असंच म्हणतात," भिंग म्हणाले आणि पुस्तकाकडे हात नेला.

हात मध्येच थांबला. मंडळाची दोन पत्रं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. सुनावणीची नोटीस पाच तारखेची, तिच्यावर जावक क्रमांक चारशे एकोणीस. परवाना रद्द केल्याचा आदेश बारा तारखेचा, त्याचा क्रमांक चारशे बारा.

"आधी लिहिलेली नोटीस आदेशानंतर निघाली?" ते माझ्याकडे वळून कुजबुजले. "बाई, इथे कुणीतरी मागची तारीख टाकलीय."

क्रेनवालीवरचा संशय उडून मंडळावर जाऊन बसला. त्यांनी याचिका परत केली नाही. 'कलम सतरा पाहता याचिका चालेल का?' एवढी हरकत लिहून ती पुढे पाठवली. सुनावणीच्या दिवशी मलाही ओढून नेलं. "काहीतरी घोळ घालतील, तुम्ही लक्ष ठेवा," म्हणाले. आम्ही मागच्या बाकावर बसलो.

न्यायमूर्तींनी मंडळाचं जावक रजिस्टर मागवलं होतं. नोटीस आणि आदेश एकाच दिवशी, बारा तारखेला निघाले होते, आणि आदेश आधी. मंडळाचे वकील मात्र कलम सतरा सोडायला तयार नव्हते.

न्यायमूर्ती शांतपणे म्हणाल्या, "अंतिम कोणता निर्णय? या कायद्याखाली घेतलेला. आणि हाच कायदा सांगतो, आधी म्हणणं ऐका. न ऐकता काढलेला आदेश कायद्याच्या नजरेत निर्णयच नाही. मग कलम सतरा कशाचं रक्षण करणार? शिवाय मंडळ आपल्या मर्यादेत राहिलं की नाही हे पाहण्याचा अधिकार आम्हाला राज्यघटनेनं दिलाय. तो साध्या कायद्यानं काढून घेता येत नाही. तुम्ही तिचं ऐकून वेगळं मत बनवलं असतंत, तर ते आम्हाला पटलं नाही एवढ्यावरून आम्ही हात घातला नसता. कलमाचा अर्थ तेवढाच."

आदेश रद्द झाला. मंडळानं महिन्याभरात तिचं म्हणणं ऐकून नव्यानं ठरवायचं, तोवर परवाना चालू. क्रेनवालीनं पदर तोंडाला लावला.

हरलेले वकील कुरकुरले, "माय लेडी, बावीस वर्षांत या कलमाविरुद्ध एकही माणूस इथे आला नाही. लोकांना ते मान्य होतं."

माझ्या शेजारचे भिंग उभे राहिले.

"आले होते," ते म्हणाले. "छाननीची खिडकी माझी आहे. मी त्यांना परत पाठवलं."

न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. "याचिका चालते की नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण? हरकत लिहायची आणि कागद माझ्यापुढे पाठवायचा. किती जणांना पाठवलंत?"

"नंबरच पडला नाही, त्यामुळे नोंद नाही. मला नक्की सांगता येत नाही."

"दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एका म्हाताऱ्या गवंड्याचा चेहरा मला लख्ख आठवत होता, एका नर्सचा, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांचा. मी मान खाली घातली आणि बसून राहिले.