मायनस दोनला जागा नाही

"समजावत बसू नका, फक्त सोडवून दाखवा," असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. देवरीच्या शाळेत होते तेव्हापासूनची ही खोड आहे आणि ती जावी असं मला कधी वाटलंही नाही. लग्न होऊन गोंदियाजवळच्या कुडव्यात आले. एमएस्सीची डिग्री कपाटात साड्यांखाली पडून होती. त्यामुळे गोंदियातल्या एका कोचिंग क्लासनं डेमो लेक्चरला बोलावलं, तेव्हा ही नोकरी मला हवीच होती. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की हिला कशाची पर्वाच नव्हती.

अकरावीचा भरलेला वर्ग. मागच्या बाकावर क्लासचे मालक बसले होते, ते स्वतःही गणित शिकवायचे. त्यांनीच उदाहरण दिलं: log x + log (x − 3) = 1, पाया दहा. मी दोन्ही लॉग एकत्र केले, x(x − 3) = 10 मांडलं, वर्गसमीकरण सोडवलं. उत्तरं आली पाच आणि मायनस दोन. मी मायनस दोन खोडला.

"मॅडम, मायनस दोन काऊन खोडला? आपल्या नोट्समध्ये दोन्ही उत्तरं हायेत."

"तो चालत नाही, सर."

"चालते ना! डालके देखो." सर उठून फळ्याशी आले. x च्या जागी मायनस दोन टाकला. पहिला लॉग मायनस दोनचा, दुसरा मायनस पाचचा. त्या दोन संख्यांचा गुणाकार दहा, दहाचा लॉग एक. "मायनस मायनस प्लस. हो गया ना?" त्यांनी माझी खूण पुसून मायनस दोन पुन्हा लिहिला. पोरं माझ्याकडे बघू लागली.

दिसायला ते अगदी बरोबर दिसत होतं. नोकरी हवी असलेल्या बाईनं "हो सर" म्हणून पुढचं उदाहरण घ्यायला हवं होतं. मी वर्गाकडे वळून विचारलं, "शंभरचा लॉग दोन म्हणजे काय?"

"दहाचा दुसरा घात शंभर," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"म्हणजे लॉग विचारतो, दहाचा कितवा घात घेतला की ही संख्या येते? मग सांगा, कितवा घात घेतला की मायनस दोन येईल?"

मी खाली खाली उतरत लिहिलं. शंभर, दहा, एक, एक दशांश, एक शतांश. घात एकानं उतरला की दहानं भागायचं. भागून भागून संख्या बारीक होते, पण चिमूटभर का होईना उरतेच. शून्यच येत नाही, तर शून्याखाली कुठून जाणार? अर्धा घात म्हणजे दहाचं वर्गमूळ, तेही धनच. वास्तव संख्यांमधला कोणताही घात घ्या, उत्तर शून्याच्या वरच राहतं.

"मायनस दोनचा घन मायनस आठ येते," सर म्हणाले. "घात निगेटिव्ह येतेच ना?"

"तिथे पाया मायनस आहे, सर. त्याचा अर्धा घात घ्यायला गेलं तर वास्तव संख्यांत काही मिळतच नाही. म्हणून लॉगला पाया धन लागतो. आणि आपला पाया दहा आहे. लॉगची बेरीज करण्याआधी दोन्ही लॉग असायला तर हवेत! नसलेल्या दोन गोष्टी मिळवून एक कसा येईल?"

मी फळ्यावरचा मायनस दोन पुसला. या वेळी हातानं, पूर्ण.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "शिकवता छान, मॅडम. सोमवारपासून या. बस, लॉगवाला चॅप्टर मी घेईन. नोट्स छापून झाल्या हायेत."

"लॉग माझ्याकडे नसेल तर मी येत नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. राग मावत नव्हता.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "एका आकड्यासाठी नोकरी सोडतेस? कायले वं?"

"आई, आज हो म्हटलं असतं तर उद्या पोरांना ते खोटं शिकवलं जाताना मला गप्प बसून पाहावं लागलं असतं."

सासूबाई सुपातले खडे वेचत राहिल्या. सोमवार आला आणि मी घरीच होते. भाजी चिरताना दोनदा वाटलं, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? दोन्ही वेळा स्वतःचाच संताप आला.

दुपारी फोन वाजला. सरच होते, आवाज वैतागलेला.

"मॅडम, पोरं आयकूनच नाही राहिले. मी मायनस दोन लिहिला की सारा वर्ग विचारते, सर, दहाचा कितवा घात? आता तुम्हीच येऊन सांगा."

"सांगायचं काय त्यात, सर?" मी विळी बाजूला सारली. "कोणताच नाही. नोट्समधून तो खोडून ठेवा, मी निघालेच."