ठमाबाईंचं रिकामं ताट

आमच्या बारामतीच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ एकच, राजेश्वरी मॅडम. निमगाव केतकीच्या. वॉर्ड चार, खाटा एकशेवीस. मी हाडांच्या वॉर्डची सिस्टर, त्यामुळं त्यांची धावपळ रोज डोळ्यांसमोर.

अंथुर्ण्याच्या ठमाबाई खुब्याचं हाड मोडून आल्या. आल्या तेव्हाच अंगानं उतरलेल्या, भूक नाही. कुपोषणाच्या तपासणीत धोका निघाला. मॅडमनी दूध, अंडी, जास्तीचं वरण लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी परत बघायचं होतं. जमलं नवव्या दिवशी. तोवर ताट रिकामं परत जायचं आणि फाईलवर 'पूर्ण जेवल्या' असं चढायचं. ऑपरेशनची जखम मात्र भरेना.

मॅडमनी सुनेला, सुप्रियाला विचारलं, "सासूबाई किती खातात गं?"

"चार घास. पुढं जातच न्हाय त्यास्नी. मग मीच खाती. अन्न टाकून पाप कुणी घ्यावं?"

ठमाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "बघा की मॅडम, हाड माजं मोडलं आन अंग हिनं धरलं!"

आम्ही हसलो. मॅडम मात्र ठमाबाईंच्या दंडाचा घेर मोजत होत्या. तो आणखी उतरला होता.

त्यांनी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं. गेल्या महिन्यात चारशे तीस रुग्ण दाखल; पहिल्या दिवसात तपासणी झाली दोनशे नव्वद जणांची. त्यांतले एकशेचार धोक्यात. तिसऱ्या दिवशी परत बघितले गेले फक्त अडतीस. बाकीचे उशिरा, काही तर न बघताच घरी गेले. खाली मागणी: आणखी एक आहारतज्ज्ञ आणि ताटावर लक्ष ठेवायला एक मदतनीस.

सही घ्यायला मीही सोबत गेले. प्रशासक सर्जेराव साहेबांनी चष्मा वर केला.

"मागणी ठीक आहे. पण उशिराचे आकडे पत्रातून काढून टाका. पाहणीला येणारे आधी हेच धरतात. आपणच आपलं कशाला लिहून द्यायचं?"

"साहेब, ते काढले तर माणूस कशाला हवा, हेच कळणार नाही."

"मग वरचे तुम्हालाच विचारतील, उशीर का केला म्हणून."

"विचारू द्या."

साहेबांनी पेन उघडलं. मग पत्रावर 'विश्वस्तांच्या बैठकीपुढे ठेवावे' एवढंच लिहिलं. बैठक कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी मनात देवाचं नाव घेतलं.

तिथून मॅडम थेट ठमाबाईंच्या खाटेशी. सुप्रियाला स्वतःचा डबा वेगळा आणायला सांगितला आणि स्वतः स्टूल ओढून बसल्या. दुधात कुस्करलेली भाकरी, एकेक घास. म्हातारीनं वाटी संपवली तेव्हा दुपार उलटली होती.

तेवढ्या वेळात पलीकडच्या वॉर्डातले पाच जण बघायचे राहिले. संध्याकाळी मॅडमनी ते पाचही नोंदवहीत उशिराच्या रकान्यात, स्वतःच्या नावापुढं लिहिले.