अकबरीचाची आणि गुलाबी धोतर

आमच्या बीडच्या गल्लीत अकबरीचाचींची लाँड्री आहे. माझे वडील, अण्णा, कपिलधारच्या यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांचं पांढरं धोतर माझ्या नव्या लाल इरकल साडीसोबतच घरच्या मशीनमध्ये टाकलं. पाण्यात सुटलेला रंग धरणारा कागद टाकलाय, मग भीती कसली? धोतर गुलाबी झालं. ते ओलंच घेऊन मी चाचींकडे धावले.

"कागद हाय, जादू न्हाई! नवं लाल येगळंच धुवायचं," चाची कडाडल्या. "वाळवलं न्हाई ना? मग निघंल."

त्यांनी ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात धोतर भिजत घातलं, मग नवा कागद टाकून पुन्हा धुतलं. कागद गुलाबी निघाला, धोतर पांढरंशुभ्र.

अण्णा गहिवरले. "भाभी, तुमच्या नावानं नारळ फोडतो."

"नारळ ऱ्हाऊ द्या. या पोरीसाठी अक्कल मागा."

अण्णांनी दोन्ही केलं. प्रसादाचं खोबरं चाचींना मीच नेऊन दिलं, वेगळ्या धुतलेल्या पांढऱ्या रुमालात.