तुमचं काम आमच्या लक्षात राहिलं

नकार लिहिण्यात मी पटाईत आहे, असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात. हे कौतुक आहे की टोमणा, हे मी अजून ठरवलेलं नाही. सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड प्रोसेसिंग युनिटमध्ये मी माणसं भरायचं काम बघते. जागा निघाल्या की अर्ज येतात, त्यातले थोडे घ्यायचे आणि बाकीच्यांना नाही म्हणायचं. माझा पगार 'हो' म्हणण्यासाठी असला, तरी दिवस सगळा 'नाही' म्हणण्यातच जातो.

आधी तर आम्ही नाहीसुद्धा म्हणत नव्हतो. ज्याला घेतलं त्याला फोन जायचा, बाकीच्यांनी समजून घ्यायचं. पण माणसं समजून घेत नाहीत, वाट बघतात. लिंबायतहून दोन रिक्षा बदलून माणूस गेटवर यायचा आणि विचारायचा, "ताई, काही कळलं का?" वॉचमन त्याला "उद्या या" म्हणायचा आणि तो बिचारा उद्या खरंच यायचा. मी स्वतः खानदेशातली, माझे वडीलही लूमवर, यंत्रमागावर, कामाला होते. मला ते बघवेना. मी शेठना म्हटलं, निदान एक मेसेज तरी पाठवू, आणि तो माणसाने माणसाला लिहिल्यासारखा असू दे.

शेठ हसले, त्यांच्या गुजरातीत म्हणाले, "बेन, ना पाडवानी छे, कंकोत्री नथी लखवानी." नकार कळवायचाय, लग्नपत्रिका नाही लिहायची. पण परवानगी दिली त्यांनी.

त्या वेळी भरती होती ती कापड तपासणाऱ्यांची. खालून दिवा लावलेल्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि तुटलेला धागा, डाग, गाठ दिसली की खडूने खूण करायची. आलेल्या प्रत्येकाला आम्ही तेवढंच काम चाचणी म्हणून दिलं. तपासणी खात्याचे सुपरवायझर, स्वभावाने कडू कारलं, कुणाचं कौतुक करतील तर शपथ. संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ती निळ्या ओढणीची मुलगी आहे ना, तिचं काम लक्षात राहिलं बुवा. डोळ्याने नाही दिसलं तिथे अंगठा फिरवून दोष काढला तिने."

मीही बघितलं होतं तिला. बाप लूमवर, त्यामुळे कापड तिच्या ओळखीचं होतं. कापडाशी ती घरच्या माणसाशी बोलावं तशी वागत होती. पण जागा अगदी थोड्या, आणि शेठना या वेळी अनुभवी माणसंच हवी होती. ती गळली. सुपरवायझर म्हणाले, पावसाळ्यानंतर पुन्हा भरती आहे, तेव्हा पहिली हिला बोलवा.

मी मजकूर लिहायला बसले तेव्हा तीच डोळ्यांसमोर होती. "तुमचं काम आमच्या लक्षात राहिलं आहे. या वेळी जागा कमी होत्या म्हणून घेता आलं नाही. पावसाळ्यानंतरच्या भरतीत तुम्हाला आधी कळवू." खाली माझं नाव. हा मजकूर तिच्यासारख्या, थोडक्यात हुकलेल्या मोजक्या लोकांसाठी होता. बाकीच्यांसाठी मी आणखी दोन लिहिले. ज्यांना काम शिकावं लागेल त्यांच्यासाठी एक, आणि ज्यांना हे काम जमणारच नाही त्यांच्यासाठी एक, सरळ पण गोड. तीनही मराठीत. इंग्रजीतला मेसेज स्वस्त पडतो. देवनागरीत अक्षरं कमी बसतात, एका मेसेजचे दोन-तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. त्यावरूनही शेठशी वाद घातला आणि जिंकले. किती खूश होते मी त्या दिवशी स्वतःवर!

असे शेकड्याने जाणारे मेसेज वाटेल तसे पाठवता येत नाहीत. मजकूर आधी मोबाईल कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात नाव आणि पद यांच्यासाठी रिकाम्या जागा सोडायच्या, त्या आमच्या यादीतून आपोआप भरल्या जातात. बाकीचा एक शब्दही नंतर बदलता येत नाही. माझे तीनही मजकूर गेले. पहिला मंजूर झाला. उरलेले दोन परत आले, त्यातल्या रिकाम्या जागा नियमात बसत नव्हत्या. दुरुस्त करून पुन्हा पाठवायचे म्हणजे आणखी काही दिवस.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. आमचे खानदेशी लोक आखाजीला आणि लगीनसराईला गावी निघतात. नोकरी नाही हे आधी कळलं तर माणूस दुसरीकडे बघेल किंवा निवांत गावी जाईल. नाहीतर आशेवर इथेच थांबेल. गेटवर रोज चेहरे दिसत होते. शेठ म्हणाले, जो मंजूर झालाय तोच सगळ्यांना पाठवा की. मी थोडी घुटमळले. मग मनाशी म्हटलं, चांगलंच तर लिहिलंय, चांगल्या शब्दाने कुणाचं काय बिघडतं? बटण दाबलं. चहा येईपर्यंत सगळे मेसेज गेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून गेट रिकामं झालं. काहींनी तर "धन्यवाद ताई" असं लिहून पाठवलं. नोकरी नाकारल्याबद्दल धन्यवाद मिळवणारी बाई म्हणून मी घरी मिरवूनही घेतलं.

आखाजीनंतर एक दिवस वॉचमनने आत फोन केला. बाहेर एक मुलगी आणि तिचे वडील आलेत, भेटायचंच म्हणतात. मी बाहेर गेले. ओढणी निळी नव्हती, तरी मी तिला लगेच ओळखलं.

तिने नमस्कार केला आणि घाईघाईने बोलायला लागली. गावाकडून मामांनी स्थळ आणलं होतं, याच लगीनसराईत उरकायचं म्हणत होते. तिने माझा मेसेज वडिलांना वाचून दाखवला. कंपनीतल्या बाईंनी स्वतःच्या नावाने लिहिलंय, माझं काम त्यांच्या लक्षात आहे, पावसाळ्यानंतर बोलावणार आहेत. वडिलांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग मामांना कळवलं की पोरीचं नोकरीचं चाललंय, दिवाळीपर्यंत थांबू.

"मग?" मी विचारलं.

मग गल्लीतल्या एका पोराने आपला मोबाईल काढला. तोही चाचणीला आला होता. मला आठवला तो. कापड समोरून निघून गेलं आणि हा मोबाईलमध्ये, कापडावर खडूची एक रेघ नाही. त्याने ओट्यावर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, "तुमचं काम आमच्या लक्षात राहिलं आहे." शब्द न् शब्द तोच. खाली नाव तेच. गल्ली खो खो हसली. म्हणे, काहीच न करता माझं काम लक्षात राहिलं, केलं असतं तर मॅनेजरच केलं असतं! मग अजून दोघींनी आपापले मोबाईल काढले.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "ताई, बाबांना एवढंच सांगा. माझं काम खरंच लक्षात राहिलं होतं ना?"

"खरंच राहिलं होतं," मी वडिलांना म्हटलं. "दादा, हिच्याबद्दलच आमचे सुपरवायझर बोलले होते. ते वाक्य मी हिच्यावरूनच लिहिलं. नंतर ते सगळ्यांना गेलं, पण होतं ते हिचंच."

वडील शांत माणूस. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "ताई, तुमनं मन चांगलं शे. पन उद्या तो पोऱ्या त्याना बापले लई उना, तर त्यालेबी हाईच सांगशात ना?"

मी म्हटलं, तो पोरगा बापाला घेऊन आला तरी त्याला हे नाही सांगणार. ते मान डोलवत राहिले, लहान मुलाची समजूत घालताना डोलवतात तशी. मी सुपरवायझरना बोलवायला निघाले तर त्या दिवशी ते रजेवर होते. मग शेठकडे गेले. एक जागा वाढवा, म्हटलं, फक्त एक. शेठ वाईट नाहीत. म्हणाले, आज एकीला गेटवरून आत घेतलं तर उद्या सगळी यादी गेटवर उभी राहील, आणि सगळ्यांकडे तुमच्याच नावाचा मेसेज आहे. त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

मी परत आले तेव्हा दोघं रिक्षात बसत होती. मुलीने वळून बघितलं नाही. मी "पावसाळ्यानंतर नक्की" असं ओरडून म्हणाले, आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडतानाच मला कळलं की हेही मेसेजसारखंच वाटतंय.

त्यानंतर मी मजकूर बदलले. आता सगळ्यांना जातो तो मेसेज कोरडा आहे. निवड झाली नाही, अर्जाबद्दल आभार, संपलं. लोक म्हणतात ताई तुटक झाल्या. होऊ देत. ज्याच्याबद्दल खरंच काही सांगायचं असतं त्याला मी फोन करते, आणि त्याने नक्की काय केलं ते सांगते. तिसऱ्या ताग्यावरची गाठ तुम्हीच पकडलीत, असं. त्याला वेळ लागतो, म्हणून असे फोन थोडेच होतात. सगळ्यांना सांगता येण्यासारखं आणि तरीही एकट्यालाच सांगितल्यासारखं वाक्य मी पुष्कळ शोधलं. मला तरी सापडलं नाही.

पावसाळ्यानंतर भरती निघाली. या वेळी शेठनी नवीन मुलीही घ्यायच्या ठरवल्या होत्या. यादी व्हायच्या आधीच मी पहिला फोन तिच्या नंबरवर लावला. सुपरवायझर समोर बसले होते, त्यांच्याशीच बोलणं करून द्यायचं ठरवलं होतं. फोन तिच्या आईने उचलला.

"पोरनं लगन व्हई गयं ताई," आई म्हणाली. "ती आते सासरले शे, शिरपूरकडे. मोबाईल आठेच ठी गयी."

मोबाईल माहेरीच ठेवून गेली होती ती. मी म्हटलं, मावशी, जागा निघाली होती, तिलाच पहिला फोन केला. तिचं काम खरंच फार चांगलं होतं. तिने अंगठा फिरवून दोष काढला होता, आमच्या इथे कुणाला तसं जमत नाही. मी बोलतच राहिले. एवढं सविस्तर मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. सुपरवायझरही माझ्याकडे बघत राहिले.

पलीकडे आईने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मनापासून म्हणाली, "तुम्ही भलती चांगली बाई शेतस, ताई. सगळासले चांगलंच म्हनतस."